मँडेट, ऑटो-डेबिट, बेनिफिशियरी, कूलिंग पीरियड: ॲप काढून टाकलं तरी पैसे का कापले जातात?

सायली_क

नमस्कार मंडळी. बँकेच्या ॲपमधल्या चार शब्दांनी आठवडाभर माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा.

बाबा निवृत्त शिक्षक. मे महिन्यात त्यांनी पेन्शन घराजवळच्या बँकेत वळवून घेतली. जुन्या खात्यात ६१२ रुपये उरले होते. "असू दे एक खातं" म्हणून ते बंद केलं नाही. त्याच खात्यातून २०२२ पासून दर महिन्याच्या ७ तारखेला म्युच्युअल फंडाची १,००० रुपयांची एसआयपी जात होती. ज्या ॲपवरून ती सुरू केली होती ते ॲप बाबांनी फोनमधून काढून टाकलं आणि एसआयपी बंद झाली असं समजून चालले.

परवा मी त्यांचं स्टेटमेंट उघडलं. ७ जूनला २९५ रुपये गेले, शिल्लक ३१७. ७ जुलैला पुन्हा २९५, शिल्लक २२. ऑगस्टमध्ये ते २२ सुद्धा गेले. ३० सप्टेंबरला एफडीचं व्याज १,८४० जमा झालं आणि त्याच दिवशी त्यातून २७३ कापले, राहिले १,५६७. एसआयपीत एक रुपयाही गेलेला नाही आणि तरी ८८५ रुपये गेले.

मग नेटबँकिंगमध्ये 'मँडेट' असा एक विभाग सापडला. तिथे दोन ओळी होत्या. एक एसआयपीची: रक्कम २५,०००, स्थिती Active. दुसरी बाबांनी हप्त्यांवर घेतलेल्या फोनची: रक्कम १०,०००, स्थिती Active, शेवटची तारीख २०३१ मधली! तो फोन मार्च २०२४ मध्येच पूर्ण फिटला आहे.

माझे प्रश्न: ॲप काढलं तरी हे चालू कसं राहिलं? एसआयपी १,०००ची असताना २५,००० कुठून आले? आणि कर्ज फिटल्यावरही मँडेट जिवंत असेल तर ती कंपनी उद्या पैसे ओढू शकते का?

---

कविता_प

बापरे. आत्ता उठून आईच्या खात्यात बघते.

---

निखिल_टेक

सायली, फार घाबरू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटो-डेबिटच्या किमान २४ तास आधी मेसेज यावाच लागतो, आणि त्यातूनच ते थांबवता येतं. बाबांनी मेसेज बघितले नसतील. यूपीआय ॲप उघड, प्रोफाइलमध्ये AutoPay असतं, तिथे मँडेटवर जाऊन Revoke कर आणि पिन टाक. दोन मिनिटांचं काम.

---

शुभदा_म

बाबांच्या खात्याला बेनिफिशियरी कोण लावलं आहे? आमच्याकडे सासऱ्यांनी कोणालाच लावलं नव्हतं आणि ते गेल्यावर बँकेच्या चकरा मारून आमच्या नाकी नऊ आले. आधी ते बघ. आता चार जणांपर्यंत नावं लावता येतात असं वाचलं.

---

सायली_क

@निखिल_टेक, बघितलं. यूपीआय ॲपच्या AutoPay मध्ये ही दोन्ही मँडेटं दिसतच नाहीत. तिथे वेगळंच एक सापडलं: बाबांचं भजनांचं ॲप, '₹15,000 पर्यंत'. ते वर्षाला ३९९ घेतं!

@शुभदा_म ताई, नॉमिनी मी आहे. तुम्ही तेच विचारताय ना?

---

विनायक_क्लिअरिंग

सायली, मी एका बँकेच्या क्लिअरिंग विभागात तीस वर्षं काढली. खात्यातून ठरलेले पैसे आपोआप कापण्यासाठी आधी ईसीएस ही पद्धत होती, मग नाच, म्हणजे NACH आलं. तुझ्या बाबांची दोन्ही मँडेटं नाचची आहेत, म्हणून ती यूपीआयमध्ये दिसत नाहीत. निखिलने सांगितलेला २४ तासांचा नियम कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरच्या मँडेटला लागू आहे, नाचला नाही. एसआयपीवाले आपणहून एसएमएस पाठवतात, पण तो येईलच यावर विसंबू नये.

आता ॲप काढल्यावरही हे का चालू राहतं ते सांगतो. मँडेट ॲपमध्ये नसतं, ते बाबांच्या बँकेत असतं. बाबांनी २०२२ मध्ये डेबिट कार्ड किंवा नेटबँकिंगने मंजुरी दिली तेव्हा बँकेने एक नोंद केली आणि तिला वीस अक्षरांचा एक क्रमांक मिळाला. स्क्रीनवर तो UMRN म्हणून दिसतो. दर महिन्याला कंपनीची बँक एक मोठी फाइल पाठवते. ती बँकांमधले असे व्यवहार पार पाडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत बाबांच्या बँकेत येते. फाइलमध्ये बाबांच्या नावाची ओळ असते: हा UMRN, इतके रुपये. बाबांच्या बँकेची यंत्रणा बघते की क्रमांक जिवंत आहे का, रक्कम मर्यादेत आहे का, तारीख मुदतीत आहे का, आणि खात्यात पैसे आहेत का. बस. फोनमध्ये ॲप आहे की नाही, कर्ज फिटलं की नाही, हे त्या यंत्रणेला माहीतच नसतं.

मँडेट ही परवानगी आहे. एसआयपी किंवा कर्जाचा हप्ता ही त्या परवानगीवर चालणारी मागणी आहे. मागणी बंद झाली तरी परवानगी उरते. बाबांनी तर दोन्हीपैकी काहीच बंद केलं नव्हतं.

जून ते ऑगस्ट तीनदा मागणी आली आणि तिन्ही वेळा खात्यात पुरेसे पैसे नव्हते. ती परत गेली. परत गेल्याचे बँकेने २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५ असे २९५ लावले. तीन वेळचे झाले ८८५. ऑगस्टमध्ये खात्यात २२च होते, ते घेतले, उरलेले २७३ येणे म्हणून लिहून ठेवले आणि व्याज जमा होताच वळते केले. तुझा हिशोब तंतोतंत जुळतो. सप्टेंबरमध्ये चार्ज दिसत नाही कारण मासिक एसआयपी लागोपाठ तीनदा फसली की फंडाकडून ती बंद होते. एसआयपी मेली, मँडेट मात्र अजून Active आहे. तू ते डोळ्यांनी बघितलंस.

---

सायली_क

विनायककाका, आता कुठे चित्र स्पष्ट झालं. पण ते २५,०००?

---

विनायक_क्लिअरिंग

ती कमाल मर्यादा. कागदी नाच फॉर्म कधी हातात आला तर नीट बघ. रकमेशेजारी दोन चौकोन असतात, Fixed Amount आणि Maximum Amount. खाली किती वेळा पैसे घ्यायचे त्याचे चौकोन: दरमहा, तिमाही, सहामाही, वार्षिक, आणि शेवटचा As & when presented, म्हणजे मागणी येईल तेव्हा. ॲपवर हे चौकोन आपल्यासमोर नीटसे येतच नाहीत. कंपनी तिच्या सोयीने भरून ठेवते आणि आपण ओटीपी देऊन मोकळे होतो.

फंडवाले २५,००० का टाकतात? उद्या तुम्ही दुसरी एसआयपी सुरू केलीत किंवा रक्कम वाढवलीत तर नवी मंजुरी घ्यायला नको, एकाच मँडेटवर सगळं चालावं म्हणून. त्यात लबाडी नाही. पण जिथे Maximum आणि As & when presented दोन्ही आहे, तिथे परवानगी बरीच रुंद आहे. २५,००० ही एका वेळची मर्यादा आहे, वर्षभराची नव्हे.

---

रानवारा

म्हणजे हे सहीचा कोरा चेक देण्यासारखंच झालं की.

---

विनायक_क्लिअरिंग

अगदी कोरा नाही. वर कमाल रक्कम आहे, कंपनीचं नाव ठरलेलं आहे, ते दुसऱ्याला वापरता येत नाही. पण फाडला नाही तर मुदत संपेपर्यंत चालतो, हे खरं. फोनच्या कर्जाचं मँडेट २०३१ पर्यंत ठेवलंय ते त्याचमुळे. पुढचं कर्ज दिलं तर तेच वापरता यावं.

---

निखिल_टेक

काका, चूक माझी. मी सगळे ऑटो-डेबिट एकाच नियमात धरले होते. पण भजनांच्या ॲपबद्दल मी बरोबर आहे ना? तिथले १५,००० रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेतूनच आलेत.

---

विनायक_क्लिअरिंग

बरोबर आहेस. दर वेळी ओटीपी किंवा पिन न मागता किती रकमेपर्यंत पैसे कापता येतात याची ती मर्यादा. सुरुवातीला २,००० होती, मग ५,०००, आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. डिसेंबर २०२३ पासून म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना एक लाखापर्यंत मोकळीक आहे. ३९९ घेणारं ॲप थेट १५,०००ची परवानगी मागतं कारण नियम तेवढी मागू देतो. दर वाढला तर पुन्हा विचारावं लागत नाही.

---

तात्या_वाईकर

आमच्या भाच्याने '१ रुपयात ७ दिवस' म्हणून एका ॲपला यूपीआय पिन दिला. आठव्या दिवशी ४९९ गेले. त्याला वाटलं पिन एका रुपयासाठी होता. तो पिन मँडेटसाठी होता! पैसे जायच्या आदल्या दिवशी सूचना आली होती, पण दिवसाला पन्नास सूचना येतात, त्यात ती कोण वाचतं?

आणि सायली, एक धोका कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. मँडेट बाउन्स होणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा आहे. बाबांवर केस होऊ शकते. ताबडतोब वकील गाठ.

---

मुक्ता_रे

तात्या, तुमची कळकळ समजते, पण सायलीच्या बाबांना उगाच घाबरवू नका. तुम्ही म्हणता ते कलम आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७, कलम २५. पण ते कर्ज किंवा कायदेशीर देणं फेडण्यासाठीच्या पेमेंटला लागतं. समोरच्याने बाउन्स कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तरच पुढची गोष्ट येते. एसआयपी ही आपली आपण केलेली गुंतवणूक, तिथे आपण कोणाचं देणं लागत नाही.

कर्जाच्या हप्त्याचं मात्र तसं नाही. हप्ते चालू असताना मँडेट रद्द केलं म्हणजे कर्ज संपलं, असं कोणीही समजू नये. पैसे वसूल करायचा एक रस्ता बंद होतो, देणं तसंच राहतं, वर दंड लागतो आणि क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं. माझ्या एका अशिलाने रागाच्या भरात हेच केलं होतं.

---

तात्या_वाईकर

हे नीट सांगितलंत मुक्ताताई. माझा शब्द मागे घेतो.

---

शुभदा_म

अरे, मी बेनिफिशियरी म्हणजे नॉमिनी समजत होते. मग ॲपमध्ये 'Add Beneficiary' म्हणतात ते काय?

---

निखिल_टेक

शुभदाताई, तुम्ही ज्याला पैसे पाठवणार तो बेनिफिशियरी. भाडं घेणारा घरमालक, मुलाची शाळा, कोणीही. आपण जिवंत असताना ज्याला पैसे मिळतात तो. नॉमिनीचा संबंध आपल्यानंतर येतो.

---

मुक्ता_रे

आणि नॉमिनी म्हणजे मालकही नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते, हक्क वारसांचा असतो. पण तो स्वतंत्र धागा होईल.

---

रानवारा

बेनिफिशियरीवरून माझी भळभळती जखम. फेब्रुवारीत रात्री साडेदहाला भावाला अपघात झाला. हॉस्पिटलने १,२०,००० डिपॉझिट मागितलं. मी खातं नंबर घातला, ओटीपी दिला, बेनिफिशियरी जोडला गेला आणि स्क्रीनवर काय आलं तर 'कूलिंग पीरियड'. पहिल्या २४ तासांत फक्त ५०,००० पाठवता येतील म्हणे. माझे पैसे, माझं खातं, ओटीपी माझाच, आणि बँक म्हणते उद्या रात्री या! बाकीचे ७०,००० दोन मित्रांनी त्यांच्या कार्डांवरून भरले. मी तर म्हणतो हा पर्याय ग्राहकाला बंद करता आला पाहिजे.

---

अश्विनी_ठ

रानवारा, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईटच. पण मला त्या चोवीस तासांनी वाचवलं, म्हणून मी दुसऱ्या बाजूने बोलते.

माझ्या आईला एकाने फोन करून 'वीज कापतोय' असं सांगितलं आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं. त्याने तिच्याच फोनवरून नवा बेनिफिशियरी जोडला. खात्यात चार लाखांच्या वर होते. कूलिंग पीरियडमुळे त्या वेळी ५०,०००च गेले. बेनिफिशियरी जोडल्याचा मेसेज माझ्या नंबरवरही येतो म्हणून मला अर्ध्या तासात कळलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, बँकेत खातं गोठवलं. ते ५०,००० अजून मिळालेले नाहीत, पण बाकीचे वाचले. हा पर्याय बंद करता येत असता तर त्या माणसाने आईकडून तो आधी बंद करून घेतला असता.

---

रानवारा

तुमचं म्हणणं पटतं. तरीही हॉस्पिटलसारख्या ठिकाणी काहीतरी वेगळी वाट हवी, इतकंच माझं म्हणणं.

---

विनायक_क्लिअरिंग

दोघांचंही खरं आहे. एक उपाय सांगतो. हा अवधी आणि त्यातली रक्कम बँकेगणिक वेगळी असते, पण घड्याळ बेनिफिशियरी जोडल्यापासून सुरू होतं, पैसे पाठवल्यापासून नव्हे. म्हणून गावातलं मोठं हॉस्पिटल, भाऊ-बहीण, मुलाचं कॉलेज अशी नावं गरज नसतानाच जोडून ठेवावीत आणि प्रत्येकाला दहा-वीस रुपये पाठवून बघावं. आणि फोन किंवा सिम बदललं की यूपीआयवरही पहिले २४ तास ५,०००चीच मर्यादा असते, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी नवा फोन सुरू करू नये.

---

कविता_प

दहा-वीस रुपये पाठवणं का महत्त्वाचं, ते मी सांगते. २०२३ मध्ये मी नणंदेचं खातं जोडलं. नावाच्या रकान्यात 'माधुरीवन्स' लिहिलं आणि खातं नंबरात एक आकडा चुकला. मला वाटलं नाव जुळलं नाही तर बँक थांबवेल. १८,००० रुपये सरळ दुसऱ्याच बाईंच्या खात्यात. बँक म्हणाली, नाव बघितलं जात नाही, नंबरावरच पैसे जमा होतात, आणि त्या बाईंची संमती असल्याशिवाय परत घेता येत नाहीत. त्या भल्या होत्या म्हणून पाच आठवड्यांनी मिळाले.

---

विनायक_क्लिअरिंग

कविता, तेव्हा तसंच होतं. आता एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये १ एप्रिल २०२५ पासून बँकांना खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पाठवणाऱ्याला दाखवायची सोय विनाशुल्क द्यावी लागते. पण ती पाहणी आहे, अडथळा नाही. नाव वेगळं दिसलं तरी 'पुढे जा' दाबता येतं. तुम्ही लिहिलेलं 'माधुरीवन्स' हे तुमच्या सोयीचं टोपणनाव, त्याची पडताळणी आजही कोणी करत नाही.

---

मिरजेचा_मंदार

कूलिंग पीरियड म्हणजे लोन ॲपवर कर्ज घेतल्यावर परत करायची मुदत नाही का? मी ॲपवरून ४०,००० घेतले होते, दुसऱ्याच दिवशी व्याजाचा आकडा बघून परत केले. ना दंड, ना काही.

---

मुक्ता_रे

मंदार, ते कूलिंग-ऑफ. शब्द जवळचे, काम उलटं. डिजिटल कर्जात ती मुदत आपल्या हातात असते: मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं. रानवारांना लागला तो कूलिंग पीरियड बँकेच्या हातात असतो. तुम्ही कर्ज परत केलंत ते उत्तम. पण सायलीचा धागा वाचल्यावर एक विचारते, त्या कर्जाचं मँडेट रद्द केलंत का?

---

मिरजेचा_मंदार

...बघून सांगतो.

---

मिरजेचा_मंदार

आहे. Active. कमाल रक्कम ६०,०००. आत्ताच रद्द करायला टाकलं.

---

सुलभा_द

क्रेडिट कार्डाच्या ऑटो-डेबिटबद्दलही एक लिहिते. त्यात 'Total Due' आणि 'Minimum Due' असे दोन पर्याय असतात. माझ्या मुलाने दुसरा निवडला होता आणि सात महिने तो समजत होता की बिल पूर्ण भरलं जातंय. दर महिन्याला 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज येत होता. उरलेल्या रकमेवर व्याज चढत होतं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. आपापली सेटिंग बघून घ्या.

---

सायली_क

दोन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

एसआयपीचं मँडेट नेटबँकिंगमधूनच रद्द झालं. तिसऱ्या दिवशी स्थिती Cancelled दिसली. फंडातली जुनी युनिटं तशीच आहेत, त्यांना काही झालं नाही. भजनांच्या ॲपचं यूपीआयमधून Revoke केलं. भजनं अजून चालू आहेत, कारण वर्षाचे पैसे भरलेले आहेत. बाबांना तीच काळजी होती.

फोनच्या कर्जाच्या मँडेटने मात्र दमवलं. नेटबँकिंगमध्ये रद्दचं बटण दाबलं की 'संबंधित कंपनीशी संपर्क साधा'. कंपनीला फोन केला तर 'तुमच्या बँकेला सांगा'. शेवटी बाबांना घेऊन शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने आधी तेच उत्तर दिलं. मग मी कर्ज फिटल्याचं नो ड्यूज पत्र पुढे ठेवलं, UMRN लिहिलेला कागद ठेवला, आणि विनायककाकांनी सांगितलेला नाच फॉर्म मागितला. वर डावीकडे तीन चौकोन: CREATE, MODIFY, CANCEL. बाबांनी चष्मा लावून तिसऱ्यात टिक केली, सही केली, आणि पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ते खुर्चीतून उठलेच नाहीत. पाच कामकाजाच्या दिवसांनी ते मँडेटही Cancelled झालं.

८८५ रुपयांपैकी ऑगस्टचे २९५ व्यवस्थापकांनी परत दिले. बाकीचे ५९० नियमाप्रमाणे बरोबर लागलेत असं ते म्हणाले. माझा त्यावर आक्षेप आहे. पहिल्यांदा मागणी परत गेली तेव्हा एक साधा एसएमएस आला असता तर पुढचे दोन टळले असते, आणि बाबांचा त्या खात्याला जोडलेला नंबर जुना होता हे बँकेला केवायसीच्या वेळी सांगितलं होतं. लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे.

---

विनायक_क्लिअरिंग

शाब्बास. केवायसीची पोच आहे ना जवळ?

---

सायली_क

नंबर बदलल्याची पोच बाबांच्या फायलीत आहे काका. शिक्क्यासकट.

---

विनायक_क्लिअरिंग

मग ५९० मिळायला हरकत नाही. लोकपाल काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही, पण तुझी बाजू कागदावर आहे.

---

अश्विनी_ठ

एक विचारायचं राहिलं. माझी आई आणि मी, दोघींचं जोडखातं आहे, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं. आईच्या नावाने नोंदलेलं मँडेट मी एकटी रद्द करू शकते का? आमची शाखा म्हणते जिने मंजुरी दिली तिचीच सही लागेल, आणि फोनवरची हेल्पलाइन म्हणते तुम्ही करू शकता.

---

विनायक_क्लिअरिंग

माझ्या काळात आम्ही अशा खात्यात दोघांपैकी एकाची सही घेत होतो. पण ई-मँडेट ज्याच्या कार्डावरून मंजूर झालं त्याच्याकडूनच रद्द करून घेणाऱ्या बँका मी बघितल्या आहेत. आई येऊ शकत असतील तर त्यांनाच घेऊन जा. पुढच्या हप्त्याला किती दिवस आहेत?

---

अश्विनी_ठ

आठ.

---

विनायक_क्लिअरिंग

मग उद्याच जा. फाइल एकदा बँकेत येऊन पडली की त्या महिन्याचे पैसे अडवता येत नाहीत, आणि सायलीच्या कामाला पाच दिवस लागले ते तू वाचलंसच.